पंधरावा गोल

भाषण करा म्हटलं की मॅडमच्या कपाळावर आठी पडायची. बावीस वर्षं त्या आर्किटेक्चर कॉलेजच्या डिझाइन स्टुडिओत शिकवत होत्या, पण फळ्यापुढे उभं राहून नव्हे. विद्यार्थ्याच्या टेबलाशी स्टूल ओढायचं, त्याच्या ड्रॉइंगवर पातळ पारदर्शक कागद पसरायचा आणि लाल पेन्सिलीने त्याची लाज काढायची, ही त्यांची पद्धत. "हा जिना कुठे जातो?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. जिना बहुतेक वेळा कुठेच जात नसायचा. मुलं पाठीमागे त्यांना खोडरबर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यामुळे विभागप्रमुखांनी बोलावून "दहा मिनिटं बोला" म्हटलं तेव्हा त्यांनी आधी अंग चोरलं.

"कशावर?"

"ते यंत्राकडून, एआयकडून, इमारतींची रंगीत चित्रं, रेंडर, करून घेतात ना मुलं, त्यावर. प्रामाणिकपणे वापरा, लपवू नका, वगैरे. तपासणी समिती येतेय. मुलांना सांगितलं होतं याचा पुरावा फाइलला लागतो." सर भला माणूस होता, फक्त फाइलीच्या बाहेरचं जग त्याला अंधुक दिसायचं. "क्लार्क येईल फोटो काढायला. तेवढं वर बघा."

घरी त्यांनी हे ताईला सांगितलं. ताई म्हणजे थोरली बहीण. तीस वर्षं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काढून निवृत्त झालेली, आणि त्या तीस वर्षांचा वास अजून तिच्या बोलण्याला होता. दोघीच राहत. भांडायला तिसरं कोणी नसल्यामुळे एकमेकींशीच भांडत.

"त्यात काय एवढं," ताई भाजी निवडता निवडता म्हणाली. "आमच्याकडे बाटलीवर लेबल नसलं की रक्त ओतून द्यायचो. कितीही चांगलं असो. कुणाचं ते कळल्याशिवाय त्याचा उपयोग काय? पोरांना म्हणावं, लेबल लावा."

"लेबल लावलं आणि त्यावरूनच मार्क कापले तर?"

"लेबल वाचून कुणी रक्त नासकं ठरवतं का गं? वेड्यासारखं काहीतरी."

मॅडमना ते पटलं. पुढे जे झालं त्यात ताईचा काडीचा दोष नव्हता, पण हे वाक्य तिला पुष्कळ दिवस छळत राहिलं.

भाषण स्टुडिओतच झालं. तिसऱ्या वर्षाची एकेचाळीस मुलं टेबलांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, कटिंग मॅटवर बसलेली. डिंकाचा आणि गरम झालेल्या लॅपटॉपांचा वास. मॅडमनी पडद्यावर एक चित्र लावलं. विटांची सुरेख इमारत, संध्याकाळचं ऊन, झाडाखाली पुस्तक वाचणारी बाई. मुलांनी 'वा' म्हटलं.

"हा जिना कुठे जातो?" मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. मग नीट बघितलं आणि हसू थांबलं. जिना सात पायऱ्या चढून थेट भिंतीत घुसला होता. झाडाची सावली डावीकडे पडली होती आणि खांबाची उजवीकडे.

"हे मी काल यंत्राकडून करून घेतलं," मॅडम म्हणाल्या. "अर्ध्या मिनिटात. आता ऐका, मी काही तुम्हाला हे वापरू नका म्हणायला उभी नाही. तुम्ही वापरणारच, आणि मी कुठे कुठे बघत बसू? तुम्ही आपलं मॉडेल करता, पांढरं, नुसते ठोकळे. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून त्याचं एक दृश्य काढता, यंत्राला देता, खाली दोन ओळी लिहिता. विटा, ऊन, झाडं. त्यात चोरी नाही. चोरी कुठे सुरू होते? यंत्राला तुमचा प्लॅन माहीत नसतो. त्याने लाखो चित्रं बघितलीत, पण एक संडास बांधलेला नाही. तुमचा खांब त्याला नकोसा वाटला की ते गिळून टाकतं. भिंत आवडली नाही की तिथे काच लावतं. चित्र देखणं होतं आणि तुम्ही ते तसंच शीटवर चिकटवता. म्हणजे काय करता? जी इमारत तुम्ही काढलीच नाही तिचे मार्क मागता."

कुणीतरी खोकलं. मागच्या टेबलावर 'राजे' बसला होता, वर्गातला सगळ्यात देखणी शीट्स करणारा. तो खिडकीबाहेर बघत होता.

"मग करायचं काय? चित्राशेजारी तुमचं मूळ पांढरं दृश्य लावा, लहान का होईना. यंत्राने पदरचं जे जे घातलं किंवा गाळलं त्याला लाल पेन्सिलीने गोल करा. आणि कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीत दोन ओळी लिहा. कोणतं साधन, त्याला काय सांगितलं, माझं काय आणि त्याचं काय. संपलं. लेबल लावायचं. एवढंच."

"मॅडम." पुढच्या टेबलावरून आवाज आला. मुंगी होती ती. बुटकी, चष्मेवाली, अडीच मिलिमीटरची अक्षरं काढणारी आणि एका रेषेवर तासभर बसणारी; म्हणून मुंगी. "असं कबूल केलं तर मार्क जातील का?"

प्रश्न साधा होता, पण वर्गात सगळ्यांना माहीत होतं की तो मुंगीने उगाच विचारलेला नाही. मागच्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती. नियम असा की स्टुडिओत लागोपाठ दोनदा नापास झालं की प्रवेश रद्द. तिला वाढवलं होतं मावशीने, आणि मावशीने गेल्या वर्षी कॉलेजात येऊन मॅडमचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "पोरगी वाईट नाही हो, हळू आहे."

"नाही जाणार," मॅडम म्हणाल्या. "माझा शब्द."

तेवढ्यात क्लार्क म्हणाला, "मॅडम, जरा वर बघा." फोटो निघाला.

मुंगीचा प्रकल्प म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभर बसायच्या घराचा होता. सकाळी घरच्यांनी आणून सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. तिने तीन महिने म्हाताऱ्यांच्या मागे फिरून काढले होते. उठताना ते कशाला धरतात, दार ढकलतात की ओढतात, वळताना किती जागा घेतात, सगळं वहीत. उताराचा रॅम्प बाराला एक, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ, दोन्ही बाजूंना कठडा, कठडा शेवटी एक फूट पुढे आलेला, कारण उतार संपला तरी हात लगेच सुटत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मॅडमनी तो फूटभर कठडा बघितला त्या दिवशी त्या लाल पेन्सिल न टेकवता टेबलावरून उठल्या. वर्गात हा इतिहास झाला.

पण रेंडरच्या नावाने मुंगीची बोंब होती. तिचा लॅपटॉप मॉडेलमध्ये एक झाड ठेवलं की अडायचा. आणि चित्राशिवाय शीट म्हणजे मिठाशिवायचं जेवण, परीक्षक ताट पुढे सरकवून देतात. म्हणून तिने यंत्र वापरलं, सगळ्यांसारखंच.

सबमिशनच्या आदल्या दुपारी ती शीट घेऊन मॅडमच्या खोलीत आली. डावीकडे मूळ पांढरं दृश्य, उजवीकडे यंत्राचं चित्र, आणि चित्रावर लाल पेन्सिलीचे चौदा गोल. प्रत्येक गोलाला बारीक आकडा. यंत्राने खांब गाळला होता. छतात एक उजेडाची खिडकी घातली होती. बाकांची पाठ काढून टाकली होती, कारण पाठ नसलेले बाक चित्रात छान दिसतात. खाली नावाच्या चौकटीत तिच्या मुंगीअक्षरात सगळा कबुलीजबाब होता: साधन कोणतं, शब्द कोणते, आणि शेवटी, 'गोल केलेल्या चौदा गोष्टी माझ्या आराखड्यात नाहीत किंवा वेगळ्या आहेत. प्लॅन आणि सेक्शन खरे मानावेत.'

बावीस वर्षांत त्यांनी बोललेलं कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची सवय झालेल्या माणसाला एक घडा सुलटा सापडला, तसं झालं.

"अगं, एक राहिलं तुझं," त्या म्हणाल्या. "रॅम्पचा कठडा बघ. शेवटचा फूट यंत्राने कापलाय."

मुंगीने चष्मा वर करून बघितलं. "हो की. आणि तोच राहिला माझ्याकडून."

मॅडमनी पेन्सिल उचलली. एक नियम त्यांनी आजवर मोडला नव्हता: मुलाच्या अंतिम शीटला आपला हात लावायचा नाही. पण हात आनंदात होता. त्यांनी पंधरावा गोल काढला, आणि सवयीने, रोज तपासलेल्या ड्रॉइंगखाली करतात तशी, त्याखाली आपली छोटी सही आणि तारीख ठोकून दिली. मग दोघींच्याही लक्षात आलं.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "खरं तेच तर आहे."

मुंगीने चौकटीतले 'चौदा' खोडून 'पंधरा' केले. ती जाताना हसली. तिला हसताना मॅडमनी क्वचितच बघितलं होतं.

परीक्षेच्या वेळी त्या विषयाचे मास्तर खोलीत थांबत नाहीत, हा नियम बरोबरच आहे. बाहेरून दोन परीक्षक यायचे होते. एक आजारी पडला, दुसरा जेवण आटोपून दीड वाजता आला आणि त्याची गाडी पाच वाजता होती. एकेचाळीस मुलं, प्रत्येकाची सहा शीट्स. तोंडी घेणं न घेणं परीक्षकाच्या मर्जीवर. "शीट्सच बोलतील," तो म्हणाला, आणि मुलांना बाहेर बसवलं.

त्याआधी सकाळी परीक्षा विभागाच्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं. कुणाचं शीट हे परीक्षकाला कळू नये म्हणून प्रत्येक शीटच्या नावाच्या चौकटीवर काळ्या कागदाची पट्टी चिकटवायची. तो ते वर्षानुवर्षं करत आला होता. मॅडमनी ते वर्षानुवर्षं बघितलं होतं. पट्टी किती लांब, किती रुंद, ती काढताना कागद कसा सोलतो, सगळं त्यांना पाठ होतं. आणि तरीही त्यांनी एकेचाळीस मुलांना सांगितलं होतं की तुमचा खरेपणा त्या चौकटीत लिहा.

हे त्यांच्या लक्षात आलं निकाल हातात पडल्यावर. मुंगीला एकेचाळीस. पास व्हायला पन्नास लागतात. राजेला चौऱ्याऐंशी, वर्गात पहिला. राजेच्या चित्रात तळमजल्यावर आरपार काचेचं दालन होतं, आणि प्लॅनमध्ये त्याच जागी चार संडास.

त्या धावत प्रदर्शनाच्या खोलीत गेल्या. शीट्स अजून भिंतीवर होती. मुंगीचं शीट त्यांनी पहिल्यांदा परक्या नजरेने बघितलं. कोपऱ्यात काळी पट्टी. वर एक चित्र, त्यावर लाल पेन्सिलीचे पंधरा गोल, आणि शेवटच्याखाली मास्तरची सही. स्टुडिओत लाल गोल म्हणजे काय हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी परीक्षकाला फोन लावला. तो सभ्य होता, दमलेला होता.

"तुमचीच सही होती हो," तो म्हणाला. "मी म्हटलं, मास्तरांनी पंधरा चुका दाखवून दिल्या आणि पोरीने एकही सुधारली नाही. तसंच लटकवलं. एवढा निष्काळजीपणा? प्लॅन बरा होता म्हणून एकेचाळीस तरी दिले."

"त्या चुका नव्हत्या. तिने स्वतः दाखवलं होतं, यंत्राने काय बदललं ते. खाली लिहिलंय."

"खाली तर पट्टी होती."

"हो."

"मग मला कसं कळणार?"

"आणि बाकीच्यांची?" मॅडमनी विचारलं. "ती चित्रं यंत्राची वाटली नाहीत तुम्हाला?"

"वाटली असतील. पण कुणी लिहिलं नव्हतं, मी कशाच्या आधारावर कापू? मार्क सीलबंद होऊन गेलेत, मॅडम. माझ्या हातात आता काही नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणतो. मॅडमच्या मनात आलं की इथे फास वळून दिला तो त्यांनीच, वर सही करून.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"फेरतपासणीचा अर्ज मुलगी करू शकते," ते म्हणाले. "पण तुम्ही काही लिहू नका."

"मी नाही लिहिलं तर त्यांना कळणार कसं की गोल तिचे आहेत?"

"आता ती सही आधीच्या तपासणीची वाटते. लिहिलंत तर त्यांना हे कळेल की अंतिम शीटवर मास्तरचा हात लागलाय. कलम काढून दाखवू? बाहेरच्या व्यक्तीची खूण आढळली तर शीट बाद."

"मी बाहेरची व्यक्ती?"

"त्या शीटपुरती, होय." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शांत बसा. एकेचाळीसचे पन्नास होण्याची थोडी तरी आशा आहे. नवा परीक्षक उदार निघेल एखादा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

त्या रविवारी घरात भांडण झालं नाही, हेच वाईट लक्षण होतं. ताईने दोनदा कळ काढून बघितली. शेवटी तिनेच विचारलं.

"न लिहिता काय होईल?"

"नवा माणूस येईल, तेच पंधरा गोल बघेल, तीच सही बघेल."

"मग लिही."

"लिहिलं तर शीट बाद होऊ शकतं."

"आमच्याकडे एकदा माझ्या हातून दोन बाटल्यांची अदलाबदल झाली होती," ती म्हणाली. "मी जाऊन सांगितलं. दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, झालं. मला काय माहीत तुमच्याकडे पुन्हा घेत नाहीत ते."

मॅडमनी मुंगीला बोलावून दोन्ही वाटा सांगितल्या. काही लपवलं नाही. मुंगीने ऐकलं, चष्मा पुसला.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

इथे मॅडमना गप्प राहता आलं असतं. पण त्यांनी एकेचाळीस मुलांपुढे भाषण केलं होतं, त्याचं ओझं होतं, आणि कुठेतरी आत अजून आशाही होती, की खरं नीट मांडलं तर ऐकणारा माणूस सापडतोच. "मला वाटतं सगळं खरं सांगावं," त्या म्हणाल्या.

"मग तसंच करू," मुंगी म्हणाली.

मॅडमनी दोन पानी पत्र लिहिलं. गोल कुणाचे, पंधरावा कुणाचा, सही का, चौकटीत लिहायला कुणी सांगितलं आणि पट्टीखाली काय आहे. सोबत भाषणाची टिपणं जोडली. एकाही दुसऱ्या मुलाचं नाव घेतलं नाही.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, चार ओळींचं. मार्गदर्शक शिक्षिकेने स्वतःच मान्य केल्याप्रमाणे सदर शीटवर त्रयस्थ हस्तक्षेप झाला असल्याने शीट बाद करण्यात येत आहे. उर्वरित शीट्सवर आधारित गुण: सव्वीस. मार्गदर्शक शिक्षिकेस समज देण्यात येत आहे.

आगीतून फुफाट्यात. एकेचाळीसचे सव्वीस झाले, ते मॅडमच्या प्रामाणिकपणामुळे. त्यांना मात्र नुसती समज मिळाली. ते पत्र हातात घेऊन त्या स्टुडिओतल्या मुंगीच्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि रडल्या. कुणी नव्हतं, म्हणून तोंडावर हातसुद्धा धरला नाही.

मुंगी लॉकरची किल्ली परत करायला आली त्या दिवशी तिच्याबरोबर मावशी होती. मावशी दाराबाहेरच थांबली. या वेळी तिने मॅडमचे हात धरले नाहीत, नमस्कारही केला नाही. ती मॅडमकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. दुकानात वस्तू परत घेत नाहीत हे कळल्यावर माणूस जसा पाटी वाचत उभा राहतो, तसं ते बघणं होतं.

"आता काय करशील?" मॅडमनी विचारलं.

"एका ऑफिसात ड्रॉइंग नीट करायचं काम आहे. नकाशे स्वच्छ काढून द्यायचे. माझं अक्षर आवडलं त्यांना."

"माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "मी तुला शब्द दिला होता."

मुंगीने खांदे किंचित उडवले. तिचे डोळे कोरडे होते. रडणं तिने आधीच कुठेतरी उरकून घेतलं असावं. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्याखाली चौकोनी घडी घातलेला एक कागद.

"हे मी मोजून ठेवलंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगा. पट्टी उजव्या कोपऱ्यात असते, अठरा सेंटिमीटर लांब. खालच्या डाव्या कोपऱ्यात पोचत नाही. तिथे लिहिलं तर दिसेल. आणि गोल लाल नको. निळे."

ती गेली. मॅडमनी कागद उलगडला. शीटचा छोटा आराखडा, काळी पट्टी मापासकट, आणि डाव्या कोपऱ्यात तुटक रेषेची चौकट: 'इथे.' रेषा इतक्या नेमक्या होत्या की लाल पेन्सिल कुठे टेकवावी हे कळलं नसतं.

पुढच्या वर्षी समितीला पुन्हा पुरावा हवा होता. मॅडमनी नाही म्हणून पाहिलं. सर म्हणाले, "मागच्या वेळचं फार छान झालं. समितीच्या अहवालात फोटो छापून आलाय." त्यांनी दाखवला. मॅडम पडद्याशेजारी उभ्या, मान वर केलेली. पुढच्या टेबलावर मुंगी, वहीत मान खाली घालून लिहून घेत होती. खाली छापलं होतं: 'विद्यार्थ्यांमध्ये प्रामाणिकतेचे संस्कार.'

भाषण त्याच खोलीत झालं. तोच जिना, तीच भिंत, तेच हसू. मॅडमनी सगळं सांगितलं, यंत्र काय गिळतं, काय घालतं, मूळ दृश्य शेजारी कसं लावायचं. निळे गोल करा म्हणाल्या. मग खिडकीच्या कट्ट्यावरून एका मुलीने हात वर केला, आणि प्रश्न कोणता येणार हे त्यांना हात वर होतानाच कळलं.

"कबूल केलं तर मार्क जातील का मॅडम?"

क्लार्क कॅमेरा घेऊन उभा होता. गेल्या वर्षीचं उत्तर जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. भाषण प्रामाणिकपणावर होतं.

"जाऊ शकतात," त्या म्हणाल्या.

"मग लिहायचं कशाला?" मुलगी उद्धट नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बावीस वर्षं, आता तेवीस, मॅडम या प्रश्नाचं उत्तर देत आल्या होत्या. जिन्यांच्या, खांबांच्या, बाराला एक उताराच्या निमित्ताने. त्यांनी खिशातला मुंगीचा कागद चाचपला.

"ज्यांना लिहायचं असेल," त्या म्हणाल्या, "त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यात लिहा. तिथे पट्टी पोचत नाही."

"मॅडम, जरा वर बघा," क्लार्क म्हणाला.

सबमिशनच्या दिवशी एकोणचाळीस मुलांची शीट्स भिंतींवर लागली. परीक्षक यायच्या आधी मॅडम एकट्याच खोलीत गेल्या. चित्रं सुंदर होती. मागच्या वर्षीपेक्षा सुंदर. त्या कुठलंच चित्र न बघता, कंबर वाकवून, एकेका शीटचा खालचा डावा कोपरा बघत चालल्या. कोरा. कोरा. कोरा. अर्धी खोली झाली. पाठीत कळ आली.

शेवटून तिसऱ्या शीटवर मोठं रेंडर थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलं होतं, आणि त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, एक ओळ. त्यांनी चष्मा बदलला, गुडघे टेकले, नाक कागदाला लागेल इतक्या जवळ गेल्या.

अक्षरं होती, पण कुठल्याच भाषेतली नव्हती. चित्रकार कोपऱ्यात सही करतात हे यंत्राने लाखो चित्रांत बघितलं होतं, म्हणून त्यानेही तिथे सहीसारखं काहीतरी काढून ठेवलं होतं. मॅडम गुडघ्यांवर तशाच बसून राहिल्या, आणि बाहेर परीक्षा विभागाचा माणूस काळ्या पट्ट्या कापत असल्याचा आवाज येत होता.